मागे लागलेली गाडी

ठाणे, पुणे, नाशिककडच्या नव्या इमारतींत तळमजल्यावर खांबांच्या मधल्या जागेत दोन गाड्या एकामागे एक लावायची पद्धत आता सर्रास दिसते. बिल्डर आणि इस्टेट एजंट तिला टँडम पार्किंग म्हणतात. रहिवासी साधं ‘मागे-पुढे’ म्हणतात. एक गाडी भिंतीच्या बाजूला आत, दुसरी तिच्या मागे, तोंडाशी. दोन्ही गाड्या एकाच घरच्या असल्या तर फारसं बिघडत नाही, नवरा-बायकोची चाव्यांवरून काय कुरबुर होईल तेवढीच. पण पार्किंग कमी पडलं म्हणून सोसायटीने ही जागा दोन वेगवेगळ्या घरांना मिळून दिली असेल, तर आतल्या गाडीवाल्याची सकाळ मागच्या गाडीवाल्याच्या झोपेवर अवलंबून राहते. आणि मग एक दिवस कुणीतरी मोबाइल हातात घेऊन विचार करत बसतं, की याला आता लिहायचं तरी काय?

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. समजा, घोडबंदर रोडवरची सात मजली इमारत. चौथ्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात, शाळा सकाळची, सात वाजता भरते. सोमवार ते शनिवार सहा पंचविसाला त्यांची गाडी गेटबाहेर पडायला हवी. दुपारी दोनला त्या परत येतात. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, वय चाळिशीच्या आत, दुसऱ्या पाळीची नोकरी. दुपारी एकला निघतात, रात्री साडेअकराला येतात. दोघांना मिळून एक जागा आहे, साधारण अडीच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. आठवड्यातून दोन-तीनदा बाईंची गाडी आत अडकते, इंटरकॉम वाजतो, गृहस्थ डोळे चोळत खाली येतात, आणि बाईंची हजेरी हुकते.

पहिला मेसेज लिहायला घेण्याआधी या वेळा एका कागदावर मांडून पाहाव्यात. दुपारी दोनला जागा रिकामी असते, म्हणून बाई सरळ आत जातात. रात्री साडेअकराला गृहस्थ येतात, तेव्हा त्यांच्यासाठी तोंडाशीच जागा उरलेली असते. सकाळी आधी निघणारी गाडी आत आणि उशिरा निघणारी बाहेर, हे रोजच होणार. बाईंनी दुपारी गाडी तोंडाशीच ठेवली तर रात्री गृहस्थांना आत जाता येणार नाही, म्हणजे साडेअकराला इंटरकॉम बाईंकडे वाजणार. थोडक्यात, इथे कुणी मुद्दाम आडवं वागत नाहीये. जो लवकर येतो तोच लवकर निघतो, एवढ्या एका कारणाने ही जोडी चुकली आहे. ज्या दिवशी बाईंना त्रास होत नाही, त्या दिवशी गृहस्थांनी शहाणपणा केलेला नसतो. बहुधा ते रजेवर असतात किंवा गाडी रस्त्यावर लावून आलेले असतात.

हे कळलं की मेसेजचा सूरच बदलतो. ‘तुम्ही दरवेळी माझ्या गाडीच्या मागे गाडी लावता’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे, कारण त्यावर गृहस्थ एकच उत्तर देऊ शकतात: ‘मग कुठे लावू?’ आणि तो प्रश्न रास्त आहे. शेजाऱ्याला चिडवणाऱ्या बहुतेक मेसेजांची गत हीच असते. त्यांत तक्रार असते, पण उद्या रात्री साडेअकराला गेटमधून आत आल्यावर त्या माणसाने नेमकं काय करायचं, हे नसतं.

म्हणून आधी मागणी ठरवायची. सुचण्यासारख्या वाटा तीन-चार आहेत आणि प्रत्येकीत एक खोच आहे. जुन्या वस्त्यांत चालणारा उपाय म्हणजे मागची गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हॅन्डब्रेक लावायचा नाही, म्हणजे कुणीही ढकलून बाजूला करू शकतं. पण हे साध्या गिअरच्या गाडीला आणि सपाट जमिनीवरच जमतं. तळमजल्याच्या फरशीला पाणी जाण्यासाठी थोडा उतार ठेवलेला असतो. ब्रेकशिवाय उभी गाडी रात्रीत पुढे सरकून आतल्या गाडीच्या डिकीला टेकली, तर मूळ भांडण राहील बाजूला आणि डेंटिंग-पेंटिंगचं बिल मध्ये येईल. त्यासाठी लोक चाकाखाली वीट ठेवतात. ऑटोमॅटिक गाडीची गोष्ट आणखी वेगळी. ती ‘पी’मध्ये टाकूनच बंद करायची असते, आणि बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद होताच तो आपोआप लागतो. अशा गाडीला चार जण मिळूनही हलवू शकत नाहीत. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांची गाडी ऑटोमॅटिक आहे असं धरा. त्यांना ‘जरा न्यूट्रलमध्ये ठेवत जा ना’ असं लिहिलं, तर यांना काही कळत नाही एवढाच अर्थ ते काढतील.

दुसरी वाट चावीची. जादा चावी एकमेकांकडे ठेवायची. विश्वास असेल तर ही वाट उत्तम. पण गरजेची वेळ सकाळी सहा वीसची, म्हणजे बाईंनी आधी त्यांची मोठी गाडी बाहेर काढायची, मग आपली, मग त्यांची पुन्हा आत. त्यात एखादा ओरखडा आला तर पुढची दहा वर्षं तो काढलाच जाणार. चावी वॉचमनकडे ठेवण्याचा सल्ला तर कुणी देऊच नये. वॉचमनकडे वैध लायसन्स नसेल आणि गाडी ठोकली गेली, तर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. सोसायटीच्या आवारातही.

तिसरी वाट बहुतेक इमारतींत डोळ्यांसमोर असते आणि कुणी वापरत नाही. ती म्हणजे पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखलेली जागा. ती संध्याकाळी आणि रविवारी भरलेली असते, पण रात्री अकरा ते सकाळी नऊ बहुधा ओस. गृहस्थांनी रात्री गाडी तिथे लावायची, सकाळी बाई निघून गेल्या की सवडीने आपल्या जागेत आणायची. बाई दुपारी दोनला येतात तोवर गृहस्थ एकला निघून गेलेले असतात. कुणालाही पहाटे उठायला लागत नाही.

यासाठी सेक्रेटरींना आधी विचारायला हवं, आणि तिथे जरा जपायला हवं. ‘दुसऱ्या मजल्यावरचे रोज गाडी अडवतात, त्यांना पाहुण्यांच्या जागेत लावायला सांगा’ असं म्हटलं की ती तक्रार झाली, आणि तक्रार जिन्याने खाली उतरायला वेळ लागत नाही. गृहस्थांच्या कानावर ती तुमच्या मेसेजच्या आधी जाईल. विचारायचं ते एवढंच, की आमच्या जोडीच्या पार्किंगची वेळ जुळत नाही, रात्री अकरा ते सकाळी नऊ पाहुण्यांची जागा आम्हा दोघांपैकी एकाने वापरली तर चालेल का? कोण वापरणार हे अजून ठरलेलं नाही, आणि तसंच सांगावं.

आता मेसेज. माझं मत असं, की पहिली ओळख मेसेजवर होऊ नये. लिफ्टपाशी, दुधाच्या पिशव्या घेताना, कुठेही दोन मिनिटं बोलणं व्हावं आणि मेसेज त्यानंतर जावा. बोललेलं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं, म्हणून मेसेज हवा. पण ज्याचा चेहरा नीट माहीत नाही अशाचं लिहिलेलं मनुष्य आहे त्यापेक्षा कडक सुरात वाचतो. शिक्षिकेचा मेसेज तर जरा जास्तच.

असा मेसेज चालेल:

‘नमस्कार दादा, मी ४०२ मधली. परवा लिफ्टपाशी आपलं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. माझी शाळा सकाळची, सोमवार ते शनिवार मला सहा पंचविसाला गाडी काढावी लागते. या आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी मागे गाडी होती, तुम्हाला झोपेतून उठवावं लागलं, मलाही ते बरं वाटत नाही. सेक्रेटरींना विचारलं, रात्री अकरा ते सकाळी नऊ पाहुण्यांची जागा आपल्यापैकी एकाने वापरली तर त्यांची हरकत नाही. मी निघाले की आपली जागा दुपारी दोनपर्यंत मोकळीच असते. सोमवारपासून तुम्ही रात्री तिथे गाडी लावून बघाल का? दुसरं काही सोयीचं वाटत असेल तर तेही सांगा.’

यात ‘मागे गाडी होती’ असं आहे, ‘तुम्ही गाडी लावलीत’ असं नाही. गाडी कुणाची हे दोघांनाही ठाऊक आहे, ते पुन्हा बोट दाखवून सांगायची गरज नसते. ‘नेहमी’, ‘दरवेळी’, ‘कितीदा सांगितलं’ हे शब्द नाहीत. त्यांच्या जागी मंगळवार आणि शुक्रवार आहेत. ‘नेहमी’ म्हटलं की समोरचा ताबडतोब अपवाद शोधतो, ‘मागच्या आठवड्यात तर मी गावाला होतो!’, आणि चर्चा पार्किंगवरून गावावर जाते. मंगळवार-शुक्रवार नाकारता येत नाहीत. आणि शेवटी प्रश्न आहे, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं. ‘कृपया सहकार्य करावे’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ते नोटीस बोर्डावर शोभतं.

‘दादा’ की ‘काका’ हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने चाळिशीच्या माणसाला काका म्हटलं, तर बाकीचा मेसेज कितीही गोड असो, तो वाचला जाणार नाही. साठीच्या गृहस्थाला दादा म्हणणंही तसंच. आडनावाला ‘साहेब’ जोडलं की अंतर पडतं, पण कधी कधी ते अंतरच हवं असतं. आणि वहिनींना निरोप देण्याचा मोह टाळावा. घरातल्या घरात तो निरोप जाताना त्यात वहिनींचं स्वतःचं मतही मिसळतं, आणि रात्री जेवताना गृहस्थांना जे ऐकावं लागतं त्याचा राग सकाळी पार्किंगमध्ये निघतो.

मेसेज पाठवायचा कधी? अडकलेल्या गाडीशेजारी उभं राहून तर नाहीच. त्या वेळी फक्त फोन करायचा आणि ‘दादा, गाडी काढायचीय, खाली येता का?’ एवढंच बोलायचं. अर्धवट झोपेतल्या माणसाला नियम समजावून सांगण्यात अर्थ नसतो आणि आपल्यालाही शाळा गाठायची असते. लेखी मेसेज त्या माणसाच्या मोकळ्या वेळी जावा. आपल्या गृहस्थांसाठी ती सकाळी दहा-अकराची वेळ. सोसायटीच्या ग्रुपवर तर चुकूनही नाही. तिथे साठ घरं वाचतात, त्यातल्या चाळिसांना या जागेशी काही घेणंदेणं नसतं, आणि उरलेल्या वीस जणांना आपापल्या गाड्यांची जुनी दुखणी आठवतात. अडवलेल्या गाडीचा फोटो काढला तर तो आपल्याकडेच ठेवावा. पहिल्याच मेसेजला फोटो जोडला की माणसाला वाटतं, माझ्याविरुद्ध फाइल उघडली.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या आधी पाहून घ्यावी, गाडी लावतं कोण? अनेकदा गाडी साहेबांची आणि लावणारा ड्रायव्हर, किंवा नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा. तसं असेल तर साहेबांना लिहिलेलं सगळं बरोबर असूनही रात्री गाडी तिथेच लागणार. मग मेसेजमध्ये ‘मुलाला एकदा सांगाल का?’ असं एक वाक्य यायला हवं. घर भाड्याने दिलेलं असेल तर आधी भाडेकरूशी बोलावं. त्याला ओलांडून मालकाला फोन करणं म्हणजे त्याच्या घराच्या करारात हात घालण्यासारखं आहे.

उत्तर म्हणून बहुतेक वेळा अंगठा येतो. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ इतकाच. संध्याकाळी एक ओळ टाकावी, ‘मग सोमवारपासून धरू ना?’ यावर ‘हो’ आलं की ठरलं. काहीच उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी दार वाजवावं, दुसरा मेसेज पाठवू नये. आणि ‘जागा माझीसुद्धा आहे’ असं उत्तर आलं, तर वाद न घालता सोसायटीने दिलेलं वाटपाचं पत्र काढून वाचावं.

ते पत्र वाचलं की बऱ्याच जणांचा गैरसमज उतरतो. बिल्डरला पैसे दिले म्हणून खांबांखालची जागा आपल्या मालकीची, असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की महाराष्ट्राच्या १९६३च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली खांबांमधली किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही. ती इमारतीच्या सामाईक भागात येते, आणि तिचं काय करायचं हे सोसायटी ठरवते. सभासदाला मिळतो तो गाडी लावण्याचा हक्क. रेरा आल्यानंतरच्या इमारतींत झाकलेल्या पार्किंगबाबत करारात काय लिहिलंय ते पाहावं लागतं. पण सोसायटीने दोन घरांना मिळून दिलेल्या जागेत ‘माझी’ आणि ‘तुमची’ अशी रेघ ओढता येत नाही. हे मेसेजमध्ये लिहू नये. हे आपल्याला माहीत असलं की मेसेजचा सूर आपोआप खाली येतो, एवढाच त्याचा उपयोग.

ठरलेलं दोन आठवडे पाळलं जातं आणि मग एका रात्री पाऊस असतो, पाहुण्यांची जागा उघड्यावर असते, गृहस्थ दमलेले असतात आणि गाडी पुन्हा मागे लागते. हे होणारच, असं धरून चालावं. एकदा झालं तर गप्प बसावं. तिसऱ्यांदा झालं की छोटा मेसेज: ‘दादा, या आठवड्यात तीनदा गाडी मागे राहिली, आज मी रिक्षाने गेले. रात्रीची जागा जमत नाहीये का? नसेल जमत तर दुसरं काहीतरी ठरवू.’ इथे ‘आपलं ठरलं होतं’ अशी आठवण करून देण्याचा मोह होतो. ती द्यायची गरज नाही, वरचा मेसेज त्याच स्क्रीनवर आहे. रिक्षाचा उल्लेख मात्र असावा. त्रास किती झाला हे त्या एका शब्दात कळतं, विशेषणं लागत नाहीत.

याही पुढे गेलं तर मेसेज थांबवावेत. चाकाची हवा सोडणे, काचेवर चिठ्ठी चिकटवणे, सूड म्हणून आपली गाडी त्यांच्या मागे लावून चावी घेऊन माहेरी जाणे, हे सगळं लोकांनी करून पाहिलं आहे. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान करणं हा गुन्हा आहे, आणि त्यानंतर आधीचे सगळे सभ्य मेसेज वाया जातात. आवाराच्या आतल्या अशा अडवणुकीत वाहतूक पोलीस सहसा पडत नाहीत, ‘तुमच्या सोसायटीत बोला’ असंच सांगतात. तेव्हा सेक्रेटरींच्या नावे अर्ज करावा. त्यात वाटपाचा क्रमांक, दोघांच्या जाण्यायेण्याच्या वेळा, गाडी अडकल्याच्या चार-पाच तारखा आणि काय ठरलं होतं ते लिहावं, मेसेजची छापील प्रत जोडावी. पहिल्या दिवसापासून मेसेज संयमाने लिहिलेले असतील तर या वेळी त्यांचा उपयोग होतो. कमिटीतला कुणीही ते मोठ्याने वाचू शकतो आणि लाज वाटत नाही.

अर्जात ‘त्यांना दंड करा’ अशी मागणी करू नये. सर्वसाधारण सभेने दंडाचा नियम आधी मंजूर केलेला नसेल तर कमिटीला तो मनाने लावता येत नाही, आणि दंड भरून गाडी तिथेच लावणारेही असतात. मागणी करावी ती जोड्या बदलण्याची. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकेला ज्यांच्याबरोबर जागा वाटून घेता येईल, असं कुणीतरी त्याच इमारतीत असतं. सकाळी साडेपाचला निघणारे लोकलचे प्रवासी असतात, किंवा आठवड्यातून फक्त रविवारी गाडी काढणारे निवृत्त आजोबा असतात. आजोबांची गाडी आत आणि बाईंची तोंडाशी, प्रश्न संपला. कमिट्या पार्किंग वाटताना मजला बघतात, ज्येष्ठता बघतात, चिठ्ठ्या टाकतात. कोण किती वाजता निघतं हे फारच थोड्या ठिकाणी विचारलं जातं.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. पार्किंगच्या जोड्या वेळेनुसार लावण्याचा विषय त्यात यायला हवा असेल, तर अर्ज ऑगस्टमध्येच सेक्रेटरींच्या हातात द्या आणि पोच घ्या.